ज्युरीपुढचे दीडशे शब्द

डिझाइन स्टेटमेंट म्हणजे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने आपल्या शीटवर छापलेला, बहुधा दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर. इमारत कशी आहे हे नकाशे आणि मॉडेल दाखवतातच. ती तशी का झाली, हे सांगणे या मजकुराचे काम.

सार्वजनिक ग्रंथालयाचा स्टुडिओ प्रकल्प मिळाला की उघड्या पुस्तकासारख्या छपराचा मोह हमखास होतो. स्टेटमेंटमध्ये मग ‘ज्ञानाचा प्रकाश’ही येतो. पण अशा छपराच्या दोन्ही बाजू मध्याकडे उतरतात. पावसाचे सगळे पाणी मधल्या पन्हळीत जमते आणि तिच्याखाली अनेकदा पुस्तकांची कपाटेच मांडलेली असतात. हे पाणी बाहेर कसे जाणार, असे ज्युरीने विचारले की प्रकाश मालवतो.

वाचकांपासून सुरुवात केली तर मजकुराला पकड येते. समजा, तालुक्याच्या गावातले ग्रंथालय आहे. सकाळी वर्तमानपत्रांसाठी ज्येष्ठ येतात, शाळा सुटल्यावर मुले आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसतात. ग्रंथपाल मात्र एकच, आणि संध्याकाळी घरी जाणारा. अशा प्रकल्पाच्या स्टेटमेंटचे पहिले वाक्य असे असू शकते: ‘पुस्तकांचे दालन बंद असतानाही वर्तमानपत्रांचा व्हरांडा आणि अभ्यासिका चालू राहतील, अशी ही रचना आहे.’ हे वाक्य नकाशावर तपासता येते. व्हरांडा रस्त्याकडे उघडतो का, अभ्यासिकेला स्वतंत्र जिना आहे का, स्वच्छतागृहासाठी कुलूपबंद दालनातून जावे लागते का? अडचण बहुधा शेवटच्या प्रश्नापाशी निघते.

पुढचे निर्णय याच धाग्याने सांगायचे. कपाटांच्या दालनाची जमीन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला किमान सुमारे ६०० किलो भार धरून आखतात; पुस्तके न साठवणाऱ्या वाचनकक्षाला त्याच्या निम्मा पुरतो. म्हणून पुस्तके तळमजल्यावर आणि अभ्यासिका वर, हे कारण पटते. ‘उत्तरेच्या खिडक्यांतून ऊन येत नाही’ हे विधान मात्र महाराष्ट्रात जपून करावे. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो, तर सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेच्या काचेवर येते. खिडकीला बाजूच्या आडोशाच्या पट्ट्या दाखवल्या तरच दावा टिकतो.

निवडीची किंमतही लिहावी. अभ्यासिका वर नेली की चाकाच्या खुर्चीतल्या विद्यार्थ्याचा प्रश्न येतो. लिफ्ट परवडत नसेल, तर रात्री चालू राहणाऱ्या व्हरांड्याचा एक भाग बंदिस्त करून तिथे अभ्यासाची टेबले आणि उतार देता येतो. त्यात वर्तमानपत्रांची जागा कमी होते. स्टेटमेंटने हे आधीच नोंदवले, तर ज्युरीची चर्चा किती टेबले आणि किती जागा यावर होते.