लग्नपत्रिका उतरवताना

नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायला किंवा घरच्या संग्रहात ठेवायला छापील लग्नपत्रिकेचा मजकूर टाइप करावा लागतो. पीडीएफ असली तरी नक्कल करून चिकटवता येईलच असे नाही. श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे अक्षरांऐवजी रोमन चिन्हांची गर्दी उमटते. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणेच खात्रीचे.

वधू-वरांची नावे बहुधा दोन स्तंभांत असतात. ओळ आडवी वाचली, तर ‘चि. सौ. कां.’च्या वडिलांचे नाव ‘चि.’पुढे जाऊन बसते. म्हणून आधी एक स्तंभ वरून खाली पुरा करावा, मग दुसरा घ्यावा.

खरा धोका आकड्यांत. वळणदार अक्षरांत १ आणि ९ सारखेच दिसतात. समजा, पत्रिकेवर ‘शनिवार, नोव्हेंबर २०२५’ स्पष्ट आहे, पण तारीख २१ की २९ ते कळत नाही. कॅलेंडर पाहा: २१ला शुक्रवार होता, २९ला शनिवार. म्हणजे २९. शकही ताडून पाहावा. गुढीपाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा करायचे. २०२५चा शक १९४७.

मुहूर्त मराठीत आणि सभागृहाचा पत्ता इंग्रजीत असेल, तर पत्ता जसा आहे तसाच इंग्रजीत ठेवावा. पाहुणा नकाशावर तेच नाव शोधतो. विवाह आणि स्वागत समारंभाच्या जागा वेगळ्या असल्यास प्रत्येक वेळेखाली तिचेच स्थळ लिहावे. वार आणि तारीख जुळत नसतील, तर अंदाज न करता यजमानांना फोन करा.