स्तंभांचे समानीकरण : सीमामापन व प्रमाणीकरण

स्तंभांचे समानीकरण : सारणीतील भिन्न एककांत मोजलेल्या स्तंभांची परस्परांशी तुलना करता यावी किंवा त्यांची बेरीज घेता यावी म्हणून त्यांतील मूल्ये समान मापनीवर आणण्याची सांख्यिकीय क्रिया. लोकसंख्येची घनता दर चौ. किमी. मागे माणसांत, तर साक्षरता शेकड्यात मोजतात. या दोन संख्या जशाच्या तशा मिळविल्यास घनतेचा आकडा मोठा असल्यामुळे साक्षरता नगण्य ठरते. हा दोष टाळण्यासाठी मुख्यतः सीमामापन आणि प्रमाणीकरण या दोन रीती वापरतात.

सीमामापनात स्तंभातील लघुतम मूल्याला ० व महत्तम मूल्याला १ मानतात. मधले मूल्य x असेल, तर त्याचे नवे मूल्य (x − लघुतम) ÷ (महत्तम − लघुतम) इतके येते. प्रमाणीकरणात मूल्यातून स्तंभाचा माध्य (सरासरी) वजा करून बाकीला प्रमाण विचलनाने भागतात. मूल्ये माध्यापासून किती पसरली आहेत, हे प्रमाण विचलन दाखविते. म्हणून नवे मूल्य +१ आले, तर ते माध्याच्या वर एक प्रमाण विचलन इतक्या अंतरावर आहे, असा अर्थ होतो. पहिल्या रीतीत नव्या मूल्यांच्या सीमा ठरलेल्या असतात, दुसरीत त्या ठरलेल्या नसतात.

स्तंभातील एखादे मूल्य इतरांपासून फारच दूर असल्यास त्याला बहिःस्थ मूल्य म्हणतात. त्याचा परिणाम पुढील उदाहरणावरून समजेल. पहिल्या दोन स्तंभांतील आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत.

| प्रदेश | साक्षरता (%) | घनता | घनता, सीमामापनाने | घनता, प्रमाणीकरणाने |
|---|---|---|---|---|
| राजस्थान | ६६·१ | २०० | ०·००० | −०·४६ |
| गुजरात | ७८·० | ३०८ | ०·०१० | −०·४३ |
| कर्नाटक | ७५·४ | ३१९ | ०·०११ | −०·४३ |
| महाराष्ट्र | ८२·३ | ३६५ | ०·०१५ | −०·४२ |
| गोवा | ८८·७ | ३९४ | ०·०१७ | −०·४१ |
| केरळ | ९४·० | ८६० | ०·०५९ | −०·२९ |
| दिल्ली | ८६·२ | ११,३२० | १·००० | +२·४५ |

साक्षरतेच्या स्तंभात बहिःस्थ मूल्य नाही. तेथे सीमामापनाने राजस्थान ०, कर्नाटक ०·३३, महाराष्ट्र ०·५८ व केरळ १ अशी मूल्ये येतात आणि प्रदेशांतील फरक स्पष्ट दिसतात. घनतेच्या स्तंभात मात्र सहा राज्ये ० ते ०·०६ या अरुंद पट्ट्यात दाटलेली आहेत. केरळची घनता राजस्थानच्या चौपटीहून अधिक असूनही त्यांच्या नव्या मूल्यांतील अंतर जेमतेम ०·०६ आहे. दोन्ही स्तंभांची बेरीज घेतल्यास या सहा राज्यांचा क्रम जवळजवळ साक्षरतेवरूनच ठरेल. दोन्ही स्तंभांना सारखे महत्त्व दिले आहे, असा समज मात्र कायम राहील.

प्रमाणीकरणाने हा दोष दूर होतो, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. राजस्थान व केरळ यांतील अंतर आता ०·१७, तर राजस्थान व दिल्ली यांतील अंतर २·९१ आहे. या दोन अंतरांचे गुणोत्तर काढल्यास ते पुन्हा ०·०६ इतकेच येते. याचे कारण असे की, दोन्ही रीतींत प्रत्येक मूल्यातून एक स्थिर संख्या वजा करून दुसऱ्या स्थिर संख्येने भागावयाचे असते. अशा क्रियेने मूल्यांमधील अंतरांची गुणोत्तरे बदलत नाहीत. बहिःस्थ मूल्याचे सापेक्ष स्थान कोणत्याही रीतीने बदलत नाही.

भेद आहे तो भाजकात. सीमामापनाचा भाजक केवळ दोन टोकांच्या मूल्यांवर अवलंबून असतो, तर प्रमाण विचलन सर्व मूल्यांवरून काढतात. दिल्ली वगळल्यास वरील घनतांचा विस्तार ६६० आणि प्रमाण विचलन सु. २११ येते. दिल्ली धरल्यास ते अनुक्रमे ११,१२० व सु. ३,८२३ होतात. म्हणजे पहिला भाजक सु. १७ पट, तर दुसरा सु. १८ पट वाढला. सात मूल्यांच्या या लहान सारणीत प्रमाणीकरण सरस ठरत नाही. मूल्यांची संख्या वाढली की चित्र बदलते. अशाच पसाऱ्याची ९९ मूल्ये व त्यांत दिल्लीसारखे एकच मूल्य असेल, तर प्रमाण विचलन सु. पाचपटच वाढते, कारण एका मूल्याचा वाटा शंभरांत विभागला जातो. विस्तार मात्र पूर्वीइतकाच फुगतो. तेव्हा मोठ्या सारणीत प्रमाणीकरण बहिःस्थ मूल्याला अधिक तग धरते असे म्हणता येते. ते त्यापासून मुक्त असते असे मात्र म्हणता येत नाही.

प्रमाणीकरणाला आणखी एक मर्यादा आहे. एकूण मूल्ये n असतील आणि प्रमाण विचलन काढताना n ने भागले असेल, तर कोणतेही प्रमाणित मूल्य √(n − १) पेक्षा मोठे होऊ शकत नाही. सात मूल्यांसाठी ही मर्यादा २·४५ आहे आणि दिल्लीचे मूल्य तिला जवळजवळ टेकलेले आहे. दिल्लीची घनता याच्या दसपट असती, तरीही हा आकडा २·४५ च्या पुढे गेला नसता. बहिःस्थ मूल्य स्वतःच प्रमाण विचलन वाढवून आपले दूरत्व झाकते. त्यामुळे ‘±३ पलीकडील मूल्य संशयास्पद’ हा प्रचलित नियम दहा किंवा त्याहून कमी मूल्यांच्या सारणीत निरुपयोगी ठरतो.

अशा वेळी मध्यकाचा आधार घेतात. मूल्ये चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य म्हणजे मध्यक. येथे तो ३६५ आहे. प्रत्येक मूल्याचे मध्यकापासूनचे अंतर चिन्ह न धरता घेऊन त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढल्यास ५७ मिळतात. दिल्ली वगळल्यास हीच संख्या ४३ येते, म्हणजे भाजक जेमतेम तृतीयांशाने बदलतो. या मापनीवर राजस्थान −२·९, महाराष्ट्र ०, गोवा ०·५ व केरळ ८·७ अशी राज्ये नीट वेगळी दिसतात. दिल्लीचे मूल्य मात्र १९२ येते. बहिःस्थ मूल्य यामुळे लपत नाही, उघड होते. त्याचे काय करावयाचे, हा निर्णय संशोधकाकडेच राहतो.

तो निर्णय मूल्याच्या कारणावर अवलंबून असतो. नोंदीतील चूक असेल, तर ती दुरुस्त करावी. दिल्लीची घनता ही चूक नव्हे. बहुतांशी नागरी असलेला प्रदेश विस्तीर्ण राज्यांच्या रांगेत बसविल्याने हा फरक पडला आहे. अशा वेळी तो प्रदेश वेगळ्या गटात घालता येतो किंवा आधी लॉगरिथम घेऊन मग सीमामापन करता येते. लॉगरिथम घेतल्यावर महाराष्ट्र ०·१५ आणि केरळ ०·३६ वर येतात व दाटी बरीच कमी होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात उत्पन्नाच्या बाबतीत हीच युक्ती वापरली जाते. १९९० मधील पहिल्या अहवालात सीमा त्या वर्षीच्या देशांच्या मूल्यांवरून घेतल्या होत्या. त्यामुळे टोकाचा एखादा देश बदलला की इतरांचेही निर्देशांक बदलत. १९९४ पासून स्थिर सीमा वापरण्यास सुरुवात झाली. पुढे उत्पन्नाची वरची सीमा दरडोई ७५,००० डॉलर ठरविण्यात आली आणि तिच्यावरील उत्पन्न तेवढेच धरले जाऊ लागले.

बहिःस्थ मूल्याचा परिणाम ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सीमामापनानंतर स्तंभाचा मध्यक पाहणे. तो ०·५ च्या आसपास न राहता ० किंवा १ ला अगदी चिकटला असेल, तर त्या स्तंभाची मापनी एका टोकाच्या मूल्याने व्यापली आहे, असे समजावे. वरील साक्षरतेच्या स्तंभात हा मध्यक ०·५८ आहे, घनतेच्या स्तंभात तो ०·०१५ आहे.