माणूस : साध्य की केवळ साधन?

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली हे तत्त्व मांडले : माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. त्यातला कळीचा शब्द ‘केवळ’.

• दुकानात : किराणा घेताना दुकानदार आपले साधन असतो आणि आपण त्याचे. यात गैर काही नाही. भाव आणि वजन दोघांना ठाऊक असते, नको असेल तर व्यवहार मोडता येतो. काट्यात खोट असली, की गिऱ्हाइकाने ज्याला होकार दिला ते घडतच नाही. तिथे गिऱ्हाईक केवळ साधन उरते.

• मैत्रीत : मित्राकडे उसने पैसे मागायला हरकत नाही. बुडवायचे ठरवून ‘महिन्याभरात देतो’ म्हणणे मात्र त्याला वापरणे होय. खरा हेतू कळला, तर तो होकार देऊच शकत नाही. उसनवारीतल्या खोट्या वचनाचे उदाहरण खुद्द कांट यांनीच दिले आहे.