एका वेळी एकच पान

पतसंस्थेतलं जुनं कर्जप्रकरण स्कॅन करायला घेतलं. 50 पानांचा गठ्ठा फीडरमध्ये ठेवला आणि पडद्यावर आकडा आला 49. एक पान दुसऱ्याला चिकटून निघून गेलं होतं. ते जामीनदाराच्या सहीचं असेल आणि मूळ कागद रद्दीत गेले असतील, तर ते कायमचं गेलं.

गठ्ठ्यातून नेमकं एकच पान ओढण्याचं काम फीडर घर्षणावर करतो. रबरी रोलर पान आत ओढतो. त्याच्यासमोर दुसरा रोलर असतो आणि तो उलट्या दिशेने फिरू पाहतो. मात्र ठरावीक जोराच्या पुढे त्याची पकड सुटेल, अशी सोय त्यात केलेली असते. मध्ये एकच पान असेल तर ते पान या रोलरलाही आपल्याबरोबर पुढे फिरवतं. दोन पानं आली, तर ती एकमेकांवरून सहज घसरतात, कारण कागदाची कागदावर पकड रबरापेक्षा बरीच कमी असते. मग उलटा रोलर आपलं काम करतो आणि दुसऱ्या पानाला मागे रेटतो. स्वस्त यंत्रांत त्याच्या जागी नुसतं रबराचं पॅड असतं.

हा सगळा खेळ रबराच्या पकडीवर आहे. कागदाची धूळ बसून किंवा झिजून रबर गुळगुळीत झालं, की दोन पानं सोबत जाऊ लागतात. पावसाळ्यात दमट झालेली पानं एकमेकांना धरून बसतात. पिन काढलेल्या कोपऱ्यांचंही तसंच, भोकांच्या कडा एकमेकींत अडकतात. म्हणून गठ्ठा ठेवण्याआधी पानं फडफडवून मोकळी करावीत.

चांगल्या स्कॅनरमध्ये दोन पानं ओळखायला अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. दोन पानांमधल्या हवेच्या पातळ थरामुळे पलीकडे पोचणारा आवाज खूप क्षीण होतो आणि यंत्र थांबतं. पण अर्जावर चिकटवलेला फोटोही त्याला दुसरं पान वाटू शकतो. मग कर्मचारी वैतागून तो सेन्सर बंदच करून टाकतात, आणि मला ही सर्वांत घातक सवय वाटते. फोटो असलेली पानं वेगळी काढून तेवढ्यांपुरताच तो बंद ठेवावा.

पान तिरकं जाण्याचं कारण बहुधा याहून साधं असतं. दोन्ही बाजूंचे गाइड कागदाला टेकलेले नसतात, किंवा रोलरची एक बाजू जास्त मळलेली असते. ती बाजू घसरते, मागे पडते आणि पान वळतं. प्रत्येक पान एकाच बाजूला कलत असेल, तर आधी रोलर पाहा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलत असेल, तर गाइड पाहा. सॉफ्टवेअर चित्र सरळ करून देतं, पण कडेला कापला गेलेला मजकूर त्याला परत आणता येत नाही.

रोलर कंपनीने सांगितलेल्या द्रावणाने पुसा आणि झिजल्यावर बदला. आणि गठ्ठा ठेवण्याआधी पानं मोजून, नंतर पडद्यावरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहा.