कोष्टक ‘नाही’ म्हणतं, ब्युरेट ‘हो’ म्हणते

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोरचुदातलं तांबं मोजायचा एक प्रयोग असतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात पोटॅशियम आयोडाइड ओतलं की निळा रंग जातो आणि फ्लास्क गढूळ तपकिरी होतो. तपकिरी रंग सुटलेल्या आयोडीनचा, गढूळपणा क्युप्रस आयोडाइडच्या पांढुरक्या साक्याचा. मग ब्युरेटमधून थेंबथेंब हायपो सोडायचं. रंग फिकट पिवळ्यावर आला की स्टार्च घालायचं, द्रावण गर्द निळं होतं, आणि हायपोच्या एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा झाला की रीडिंग घ्यायचं. हायपो जेवढं लागलं त्यावरून आयोडीन कळतं, आयोडीनवरून तांबं.

आता हीच अभिक्रिया लेखी परीक्षेत विचारून बघा. ‘इलेक्ट्रोड विभवाच्या कोष्टकावरून सांगा, क्युप्रिक आयन आयोडाइडचं ऑक्सिडीकरण करू शकतील का?’ बरीच मुलं आकडेमोड अचूक करून ‘नाही’ असं उत्तर लिहितात. त्यांची वजाबाकी चुकलेली नसते. तरीही त्याच वर्गाने आदल्या आठवड्यात त्याच अभिक्रियेवर प्रॅक्टिकलचे गुण मिळवलेले असतात.

कोष्टकातला आकडा म्हणजे काय, ते आधी पाहू. एखादा आयन इलेक्ट्रॉन घ्यायला किती उत्सुक आहे, हे तो आकडा व्होल्टमध्ये सांगतो. एकट्या इलेक्ट्रोडचा विभव मोजता येत नाही, दोघांतला फरकच मोजता येतो. म्हणून हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडला शून्य मानून बाकीचे त्याच्या वरखाली लावले आहेत. तांब्याचा +०.३४, जस्ताचा −०.७६. दोन्ही जोडून घट केला की वरच्यातून खालचा वजा करायचा: १.१० व्होल्ट. उत्तर धन आलं तर अभिक्रिया त्या दिशेने आपोआप चालेल, ऋण आलं तर उलट दिशेने.

मोरचुदाच्या प्रयोगात तांबं धातूपर्यंत पोहोचत नाही. क्युप्रिक आयन (Cu²⁺) एकच इलेक्ट्रॉन घेऊन क्युप्रस (Cu⁺) होतो, आणि या पायरीचा विभव आहे +०.१५. इथे ०.३४ घेणं ही पहिली ठेच. आयोडीन-आयोडाइड जोडीचा विभव +०.५४. म्हणजे घटाचा विभव ०.१५ − ०.५४ = −०.३९ व्होल्ट.

दुसरी ठेच लागते समीकरण जुळवताना. आयोडीनच्या एका रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन सुटतात, म्हणून तांब्याची अर्धअभिक्रिया दोनने गुणावी लागते. त्यासोबत ०.१५ लाही दोनने गुणलं की पुढचं सगळं फसतं. विभव हा भाव आहे, बिल नव्हे. कांदे एक किलो घ्या की दोन, किलोचा भाव तोच राहतो. दुप्पट होते ती ऊर्जा, आणि तिच्या सूत्रात इलेक्ट्रॉनांची संख्या वेगळी धरलेलीच असते.

तर गणित म्हणतं −०.३९, अभिक्रिया होणार नाही. मग फ्लास्कमध्ये आयोडीन आलं कुठून?

कोष्टकातला प्रत्येक आकडा एका अटीवर दिलेला असतो: द्रावणातल्या प्रत्येक आयनाची संहती १ मोलर. आपल्या फ्लास्कमध्ये क्युप्रस आयन १ मोलर कधीच नसतो. तो तयार झाल्याबरोबर आयोडाइड त्याला धरतं आणि साका होऊन खाली बसवतं. क्युप्रस आयोडाइडचा विद्राव्यता गुणाकार सुमारे १०⁻¹² आहे. आयोडाइड १ मोलर धरलं, तर द्रावणात मोकळे क्युप्रस आयन उरतात जेमतेम १०⁻¹² मोलर.

आता वाल्टर नेर्न्स्ट यांचं १८८९ सालचं समीकरण कामाला येतं. एका इलेक्ट्रॉनच्या अभिक्रियेत आणि २५ अंश तापमानाला, तयार होणारा आयन दहापट विरळ झाला की विभव ०.०५९ व्होल्टने चढतो. इथे तो बारा वेळा दहापट विरळ झाला आहे. बारा गुणिले ०.०५९ म्हणजे ०.७१. मूळच्या ०.१५ मध्ये हे मिळवलं की क्युप्रिक आयनाचा विभव होतो ०.८६. आयोडीनचा ०.५४ त्यातून वजा करा: +०.३२ व्होल्ट. चिन्ह बदललं. गुण देणारी ओळ इथून पुढची आहे: ‘क्युप्रस आयन साक्याच्या रूपात द्रावणातून निघून जातो, म्हणून क्युप्रिक आयनाची ऑक्सिडीकरणाची ताकद वाढते.’ नुसतं ‘साका पडतो म्हणून’ लिहिलं, तर कारण अर्धंच राहिलं.

हे +०.३२ पुरेसं आहे का, हा प्रश्न मला जास्त आवडतो, कारण मोजमापाला अभिक्रिया नुसती सुरू होऊन भागत नाही, ती जवळपास पूर्ण व्हावी लागते. दोन इलेक्ट्रॉन धरून समतोल स्थिरांक काढला, तर ०.६४ भागिले ०.०५९, म्हणजे दहाचा सुमारे अकरावा घात येतो. मागे राहणारं तांबं ब्युरेटच्या रीडिंगमध्ये जाणवणारही नाही. शिवाय आयोडाइड भरपूर का घालायचं तेही इथेच कळतं: ते जितकं जास्त, तितके मोकळे क्युप्रस आयन कमी.

हेच तत्त्व उलट्या बाजूनेही वापरतात. तांब्याच्या खनिजात बहुधा लोह असतं. फेरिक आयनाचा विभव +०.७७, म्हणजे आयोडीनच्या वर. साक्याची मदत नसतानाही ते आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं आणि तांबं आहे त्यापेक्षा जास्त भरतं. अशा वेळी स्टार्चचा निळा रंग गेल्यावर पुन्हा पुन्हा परतत राहिला, तर लोहाचा संशय घ्यावा, आणि उघड्यावर राहून हवेने नवं आयोडीन सुटत नाही ना, तेही बघावं. लोहावरचा उपाय म्हणजे फ्लोराइडचा क्षार. फ्लोराइड फेरिक आयनाला घट्ट बांधून ठेवतं, फेरसला मात्र तितकं नाही. इथे विरळ होतो तो इलेक्ट्रॉन घेणारा आयन, त्यामुळे विभव चढायच्या ऐवजी उतरतो. ०.७७ वरून ०.५४ वर यायला ०.२३ व्होल्ट उतरावं लागतं, म्हणजे जवळजवळ चार पायऱ्या: दर दहा हजार फेरस आयनांमागे मोकळा फेरिक एकच उरला पाहिजे. फ्लोराइड हे सहज साधतं.

कोष्टक एक गोष्ट मात्र सांगत नाही, ती म्हणजे वेग. विभव धन आला म्हणून अभिक्रिया झटपट होईलच असं नाही. मोरचुदाच्या प्रयोगात ती लवकर होते, हे आपलं नशीब.

घरी विद्यार्थी असेल तर त्याच्यापुढे हा प्रश्न ठेवा. मोरचुदात आयोडाइडऐवजी साधं मीठ घातलं तर क्लोरीन वायू सुटेल का? क्युप्रस क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार सुमारे १०⁻⁷ घ्यावा, क्लोरीनचा विभव +१.३६. उत्तर आकड्यात द्यावं आणि कारण दोन ओळींत लिहावं.