फळीवर पाच, विकायला तीन

कोल्हापुरी चपलांचं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावर विक्री चालते आणि दुकानाच्या वेबसाइटवरूनही ऑर्डरी येतात. आठ नंबरचे कापशी जोड फळीवर पाच आहेत. वेबसाइट मात्र तीनच दाखवते. दुकानातल्या पोराला वाटतं आकडा चुकलाय, म्हणून तो तीनचे पाच करून टाकतो.

चूक नेमकी इथे झाली. त्या पाचांतले दोन जोड सकाळीच ऑनलाइन विकले गेले होते, फक्त पॅकिंग व्हायचं होतं. ऑर्डर पडताच वेबसाइटने ते वजा केले, पण जोड फळीवरच राहिले. संध्याकाळी गल्ल्यावर आणखी दोन गेले. बिलिंग वेबसाइटला जोडलेलं असल्याने पाचाचे तीन झाले आणि रात्रीत ते तिन्ही ऑनलाइन खपले. आता पाच पार्सलं पाठवायचीत आणि जोड उरलेत तीन. दोघांना फोन करून पैसे परत करण्यावाचून इलाज नाही.

उपाय सॉफ्टवेअरचा नाही, क्रेटचा आहे. ऑर्डर आली की जोड लगेच फळीवरून काढून, ऑर्डर नंबरची चिठ्ठी लावून वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायचा. मग फळीवर उरेल तेच विकायला शिल्लक. रोज शटर उघडताच, पहिलं बिल व्हायच्या आत एकच फळी मोजा. दिवाळीत सगळं दुकान एकदम मोजलं, तर गोंधळ कुठल्या महिन्यातला हे कळतच नाही. फरक सापडला तर नवा आकडा टाकू नका, ‘एक कमी’ अशी फरकाची नोंद करा. मोजणी आणि नोंद यांच्या मधल्या दहा मिनिटांत ऑर्डर आली, तर नव्या आकड्याखाली ती पुसली जाते.

दुसरी गळती परत येणाऱ्या पार्सलांची. ‘पैसे घरी आल्यावर’ म्हणणारं गिऱ्हाईक पार्सल नाकारतं, आपण ऑर्डर `Cancelled` करतो आणि वूकॉमर्ससारखी प्रणाली त्याच क्षणी एक जोड शिल्लकीत परत मिळवते. तो जोड अजून कुरियरच्या गाडीत असतो. पार्सल हातात येऊन, उघडून, चप्पल न वापरलेली आहे आणि नंबर तोच आहे हे पाहिल्याशिवाय ते बटण दाबू नये.

एवढं करूनही शेवटच्या जोडावर गल्ला आणि वेबसाइट एकाच वेळी झडप घालू शकतात, कारण दोन्हीकडचे आकडे जुळायला थोडा वेळ लागतो. वूकॉमर्समध्ये `Out of stock threshold` मुळात शून्य असतो, तो 1 करा. मग एकच जोड उरला की वेबसाइट ‘संपलं’ म्हणते. तो शेवटचा जोड दुकानात पायात घालून बघणाऱ्यासाठी राहू द्या.