प्रांताच्या टेबलावरची फाइल उच्च न्यायालयातही वाचली जाते

वडील वारले. गावातल्या भावाने वारस नोंदीचा अर्ज दिला आणि त्यात स्वतःचे आणि आईचे नाव घातले. लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या बहिणीचे नाव राहिले. तिला नोटीस मिळाली नाही, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला. काही वर्षांनी भाऊ जमीन विकायला निघाला, तेव्हा सातबाऱ्यावर आपले नावच नाही हे तिला कळले. असे प्रकरण महाराष्ट्राच्या कुठल्याही तालुक्यात सापडते, म्हणून समजून घ्यायला तेच घेऊ.

अशा वेळी तिला बहुधा दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, सरळ हायकोर्टात रिट करा. दुसरा म्हणतो, आधी प्रांताकडे अपील करा. दुसरा सल्ला बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र क्वचितच कोणी नीट सांगते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 247 खाली मंडळ अधिकाऱ्याच्या आदेशावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे, अपील होते. मुदत साठ दिवसांची आहे. ती आदेश अपील करणाऱ्याच्या हाती पडल्यापासून मोजतात आणि नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो. बहिणीला आदेश कधी कळवलाच नसेल, तर तिची बाजू इथेच भक्कम होते. तरीही विलंब माफीचा अर्ज अपिलासोबत जोडावा आणि फेरफाराची माहिती कधी व कशी मिळाली हे त्यात तारखेनिशी लिहावे. अपील दाखल झाले म्हणून आदेश आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगिती वेगळी मागावी लागते. विक्रीची बोलणी चालू असताना हा अर्ज विसरणे फार महागात पडते.

प्रांताचा अधिकार मोठा असतो. तो पुरावा नव्याने घेऊ शकतो, पुन्हा चौकशी करायला सांगू शकतो, आदेश बदलू किंवा रद्द करू शकतो. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, जुनी शिधापत्रिका, वारसांची वंशावळ, नोटीस बजावल्याची पोच नसल्याची नोंद हे सगळे इथेच दाखल करायचे. प्रांताच्या निकालावर सहसा जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी यांच्याकडे दुसरे अपील होते.

पुनरीक्षण याहून वेगळे आहे. कलम 257 खाली वरिष्ठ अधिकारी किंवा शासन खालची कागदपत्रे मागवून पाहते. आदेश कायदेशीर आणि योग्य आहे का, कामकाज नियमाप्रमाणे झाले का, हे त्यात तपासतात. ते हक्काचे तिसरे अपील नव्हे. हा अधिकार कधीही वापरता येतो असेही नाही. गुजरात राज्य विरुद्ध पटेल राघव नाथा या 1969 च्या खटल्यात जिल्हाधिकाऱ्याने 1960 साली दिलेली बिनशेतीची परवानगी आयुक्ताने सव्वा वर्षाने रद्द केली होती. कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी पुनरीक्षण वाजवी काळात व्हायला हवे आणि इथे उशीर झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तिथे लागू असलेला कायदा जुन्या मुंबई इलाख्याचाच होता, म्हणून आपल्याकडच्या वकिलांच्या युक्तिवादात हा निकाल आजही येतो.

आता उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 आणि 227 खालची याचिका म्हणजे आणखी एक अपील असे पक्षकाराला वाटते आणि तिथेच निराशा होते. न्यायालय सहसा साक्षीपुरावा नव्याने तोलत नाही. अधिकाऱ्याला तो आदेश देण्याचा अधिकार होता का, बाधित माणसाला ऐकले का, कारणे लिहिली का, कागदांवरच दिसणारी कायद्याची चूक आहे का, एवढेच तिथे पाहिले जाते. प्रांतापुढे न दिलेला दाखला तिथे पहिल्यांदा काढला, तर ‘आधी का दिला नाही’ हा प्रश्न येतो आणि त्याचे उत्तर अवघड असते.

खात्याची दारे न ठोठावता आलेली याचिका न्यायालय बहुतेक वेळा पर्यायी उपाय आहे म्हणून परत पाठवते. ही बंदी पूर्ण नाही. व्हर्लपूल कॉर्पोरेशनच्या 1998 च्या निकालात अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना दिलेला आदेश किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. बहिणीला नोटीस नव्हती, मग तिने थेट का जाऊ नये? जाता येईल, पण माझ्या मते जाऊ नये. नोटीस मिळाली की नाही हीच बाब वादाची असते आणि ती तपासायला प्रांत जवळचा व स्वस्त. शिवाय याचिका यशस्वी झाली, तरी न्यायालय बहुधा आदेश रद्द करून फेरसुनावणीसाठी प्रकरण परत पाठवते.

एक मर्यादा मात्र या सगळ्या पायऱ्यांना आहे. फेरफार नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही. भावाने पुढे वडिलांचे मृत्युपत्र काढले, तर ते खरे की खोटे हे प्रांत, आयुक्त किंवा रिट याचिका यांपैकी कोणीही अखेरचे ठरवणार नाही. त्यासाठी आणि हिश्श्याच्या वाटपासाठी दिवाणी दावाच लागतो. तो अपिलाच्या निकालाची वाट न पाहता दाखल करावा, कारण दाव्याची मुदत महसूल खात्यातल्या तारखांसाठी थांबून राहत नाही.